राजीनाम्याचं खरं कारण



मागच्या महिन्यात वंदना आणि धम्मचर्चा आटोपल्यावर चहाचे कप हातात घेऊन आम्ही उभे होतो. एका तरुण उपासकाने मला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, राजीनामा दिलाय. पण कंपनीने पगार वाढवून थांबायला सांगितलंय. थांबायचं नाहीये मला. पण नाही कसं म्हणू? ज्यांनी मला इथे आणलं त्यांनाच नाही म्हणायचं?"

त्या दिवशी मी त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. घरी येताना एमआरटीत बसलो तेव्हा वाटलं, दोन वाक्यांत सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. कारण काही काळापूर्वी याच प्रसंगात मी स्वतः सापडलो होतो आणि त्यात एक चूक केली होती. ती चूक पैशाची नव्हती, शीलाची होती. म्हणून हा लेख.

आधी माझी परिस्थिती सांगतो. मी एका कंपनीत सहा वर्षं होतो. पगार महिना ८,६०० डॉलर. दुसऱ्या एका कंपनीने ९,८०० देऊ केले. इथे आपण बहुतेक जण एम्प्लॉयमेंट पासवर असतो आणि हा पास माणसाला मिळत नाही, त्या माणसाला त्या कंपनीसाठी मिळतो. नोकरी बदलली की नव्या कंपनीला नव्याने अर्ज करावा लागतो. जुना पास चालू असतानाच हा अर्ज करता येतो. म्हणून मी शहाणपणाने वागलो. आधी नव्या कंपनीचं पत्र सही करून दिलं, मग त्यांच्या अर्जाला मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवरकडून तत्त्वतः मंजुरी येईपर्यंत गप्प बसलो. ती आल्यावरच ३ मार्चला, सोमवारी, राजीनामा दिला. करारात दोन महिन्यांची नोटीस होती. इथल्या कायद्याप्रमाणे नोटीस दिली तो दिवसही मोजला जातो, म्हणून माझा शेवटचा दिवस २ मे.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. चूक झाली ती पुढच्या पाच मिनिटांत.

माझ्या मॅनेजर इथल्याच, चिनी वंशाच्या, वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि सरळ विचारलं, "का?"

खरं कारण वेगळं होतं. चार वर्षं मी रात्रीच्या सपोर्टचं काम करत होतो. युरोपातल्या ग्राहकाची सिस्टीम बंद पडली की इथे रात्री अकराला फोन वाजायचा. मला नवीन प्रणाली बांधण्याच्या टीममध्ये जायचं होतं, मी ते दोनदा सुचवलं होतं, आणि दोन्ही वेळा "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं होतं. आणखी चार वर्षांनी मी फक्त रात्री फोन उचलणारा माणूस उरलो असतो, ही भीती होती.

पण हे सगळं बोलायचं म्हणजे त्यांच्यावर बोट ठेवल्यासारखं झालं असतं. मला ते नको होतं. म्हणून मी सोपं, कोणालाही न दुखावणारं कारण दिलं. म्हणालो, "पगार. घरभाडं वाढलंय, मुलगी शाळेत जायला लागली. तिकडे जास्त देतायत."

खोटं होतं का हे? पूर्ण खोटं नव्हतं. भाडं वाढलं होतंच. पण ते माझं कारण नव्हतं. आपण रोज "मुसावादा वेरमणी" म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे मोठं, ठसठशीत खोटं असतं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून खऱ्याच्या जागी अर्धं खरं ठेवणं, हे आपण खोट्यात मोजतच नाही. त्याला आपण सभ्यपणा म्हणतो.

या सभ्यपणाचं बिल बुधवारी आलं.

बुधवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. समोर एक कागद होता. पगार १०,२०० डॉलर, म्हणजे नव्या कंपनीपेक्षाही चारशे जास्त. शिवाय १५,००० डॉलरचा रिटेन्शन बोनस, अर्धा लगेच आणि अर्धा अठरा महिन्यांनी. अट एवढीच की अठरा महिन्यांच्या आत सोडलं तर घेतलेला अर्धा परत द्यायचा. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं. त्या म्हणाल्या, "तू पगार म्हणालास. मी दोन दिवस वरच्यांशी भांडून हे आणलंय."

मला क्षणभर काहीच बोलता येईना. मी पैसा मागितला होता, त्यांनी मागितल्यापेक्षा जास्त दिला होता. आता मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? नाही म्हटलं तर मी कृतघ्न ठरतो. खरं कारण सांगितलं तर सोमवारी अर्धंच सांगितलं हे उघड होतं. ही काउंटर ऑफर त्यांनी आणली होती खरी, पण तिला आमंत्रण मी दिलं होतं. आणि त्या दोन दिवसांत त्या बाईंनी माझ्यासाठी स्वतःची पत खर्च केली होती, ती माझ्या अर्ध्या सत्यावर विसंबून. खोट्याने नुकसान होतं म्हणतात ते असं, दुसऱ्याच्या खिशातून.

मी "विचार करतो" म्हणून बाहेर आलो. हीसुद्धा आपली जुनी सवय. "बघतो", "कळवतो", "घरी विचारतो". समोरचा समजून घेईल अशी आपली अपेक्षा असते, आणि आपल्याकडे समोरचा समजतोही. इथे समजत नाहीत. इथे "विचार करतो" याचा अर्थ तुम्ही खरोखर विचार करताय असा घेतला जातो. लोक वाट पाहतात, दुसरा माणूस शोधणं थांबवतात. मन आधीच ठरलं असेल तर "विचार करतो" हे नम्र उत्तर नाही, तो दुसऱ्याच्या वेळेचा अपव्यय आहे.

त्या रात्री नागपूरला बाबांना फोन केला. बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले, चौतीस वर्षं एकाच ठिकाणी. त्यांच्या पिढीला राजीनामा हा शब्दच अशुभ वाटतो. सगळं ऐकून ते म्हणाले, "त्यांनी तुला पास काढून दिला, कोरोनात नोकरीवरून काढलं नाही, आता पैसेही वाढवून देतात. अजून काय पाहिजे रे? अन्नाला जागावं माणसानं."

बाबांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. २०२० मध्ये इथे ७ एप्रिलपासून १ जूनपर्यंत सर्किट ब्रेकर होता. माझ्या पासचं नूतनीकरण त्याच काळात होतं आणि आमच्या मजल्यावरची माणसं कमी होत होती. माझ्यासाठी याच मॅनेजर उभ्या राहिल्या. हा उपकार खरा होता. आणि कृतज्ञता हा आपल्या धम्मात लहान गुण नाही.

पण उपकाराची फेड कशाने करायची? हा प्रश्न मी रात्रभर उलटसुलट केला. बाबांचा "अन्नाला जागावं" हा शब्द मला बोचत होता, कारण तो शब्द त्यांच्याही आधीचा आहे. आपल्या आजे-पणज्यांना गावात हेच सांगितलं जायचं. थोडी इनामी जमीन, थोडं बलुतं, आणि त्या बदल्यात रात्री-अपरात्री हाक आली की जायचं. काम किती, वेळ किती, याचा हिशेब नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं ते याच बेहिशेबी बांधिलकीविरुद्ध. आता वातानुकूलित ऑफिसातल्या नोकरीची वतनाशी तुलना करणं हा आपल्या पूर्वजांचा अपमान आहे आणि मी ती करत नाही. माझ्या कंपनीने मला पूर्ण पगार दिला, रजा दिली, मान दिला. मला फक्त एवढंच दिसलं, की "खाल्लेल्या अन्नाची फेड म्हणजे न सोडणं" हे समीकरण मालकाच्या कायद्यातून आलंय, धम्मातून नाही.

धम्मात काय आहे? दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात मालक आणि कामगार यांची एकमेकांशी असलेली पाच-पाच कर्तव्यं दिली आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या पाचव्या खंडात बाबासाहेबांनी मालक आणि सेवक यांच्या विनयाला वेगळं छोटं प्रकरण दिलंय, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मी त्या रात्री ते पुन्हा काढून वाचलं. मालकाने कामगाराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारात काळजी घ्यावी, विशेष काही असलं तर त्यात वाटा द्यावा, वेळोवेळी सुट्टी द्यावी. कामगाराने मालकाच्या आधी उठावं, नंतर झोपावं, दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं आणि मालकाचं नाव चांगलं राखावं.

दोन गोष्टी माझ्या पूर्वी कधी लक्षात आल्या नव्हत्या. एक, मालकाच्या यादीत काम आधी येतं आणि वेतन नंतर. माणसाच्या बळाला साजेसं काम देणं हे पहिलं कर्तव्य. माझी अडचण नेमकी तिथे होती आणि मी मात्र दुसऱ्या कलमाची तक्रार करून आलो होतो. दुसरी गोष्ट, कामगाराच्या पाच कर्तव्यांत "सोडून जाऊ नये" हे कुठेही नाही. आहे ते "दिलं तेवढंच घ्यावं, काम नीट करावं, नाव राखावं". म्हणजे फेड करायची ती कामाने आणि वाणीने. ती फेड जातानाही करता येते. किंबहुना जातानाच तिची परीक्षा असते.

सकाळी पत्नीला कागद दाखवला. तिचा आणि मुलीचा डिपेंडंट पास माझ्या पासला जोडलेला, त्यामुळे या निर्णयात तिचाही जीव अडकलेला. तिने आकडे वाचले आणि एकच विचारलं, "यात रात्रीचे फोन बंद होतील असं कुठे लिहिलंय?" लिहिलं नव्हतं. अठरा महिन्यांची अट मात्र लिहिली होती. म्हणजे ज्या कामामुळे मी निघालो होतो त्याच कामावर आणखी दीड वर्ष बसायचं, आणि मधे सुटलो तर साडेसात हजार डॉलर परत मोजायचे. काउंटर ऑफर वाचण्याची माझी रीत तेव्हापासून हीच आहे. आकडा झाकायचा आणि उरलेल्या कागदावर आपलं कारण कुठे दिसतं का ते शोधायचं.

गुरुवारी मी स्वतःहून मॅनेजरकडे गेलो. शुक्रवारची वाट पाहिली नाही, कारण मन ठरलं होतं. आणि आधी चूक कबूल केली. म्हणालो, "सोमवारी मी पगार म्हणालो, ते माझं खरं कारण नव्हतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सोपं सांगितलं. त्यामुळे तुमचे दोन दिवस गेले, त्याबद्दल माफ करा." मग रात्रीच्या कामाचं आणि दोनदा मागितलेल्या बदलीचं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण गुळमुळीतही बोललो नाही.

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग जे म्हणाल्या त्याची मी तयारी केली नव्हती. "हे आधी का नाही सांगितलंस? जुलैपासून तुला त्या टीममध्ये घेते. रात्रीचं काम दुसऱ्याला देऊ."

इथे खरा नैतिक पेच सुरू होतो. पैशाला नाही म्हणणं सोपं असतं, त्यात स्वतःचं कौतुकही वाटतं. पण ज्या कारणासाठी निघालो तेच कोणी दूर करत असेल तर? आता माझ्याकडे कोणतं कारण उरलं?

सगळ्यात आधी मी हे विचारलं, की जुलैची गोष्ट लेखी मिळेल का. त्या प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, त्या टीमची जागा मुख्य कार्यालयातून मंजूर होते, माझ्या हातात नाही, पण मी प्रयत्न करीन. हा पुरेसा व्यवहारी आधार होता नाही म्हणायला. पण मी स्वतःला त्यावर थांबू दिलं नाही. समजा लेखी मिळालं असतं, तर?

मला तेव्हा त्या तिसऱ्या बाजूची आठवण झाली जिचा काउंटर ऑफरच्या खोलीत कोणी उल्लेखच करत नाही. नव्या कंपनीने माझ्या पासचा अर्ज करण्याआधी कायद्याप्रमाणे ती जागा सरकारी संकेतस्थळावर किमान १४ दिवस जाहीर केली होती. लोकांनी अर्ज केले असतील, त्यातल्या काहींना मुलाखतीनंतर नाही सांगितलं असेल. मग माझ्यासाठी अर्ज, १०५ डॉलर फी, आणि काही आठवड्यांची वाट. फी किरकोळ आहे. पण कुणीतरी एक माणूस, कदाचित इथलाच, कदाचित आपल्यासारखाच परदेशातून आलेला, माझ्या सहीमुळे नकार घेऊन घरी गेला होता. आता मी "जमलं नाही, जुन्या ठिकाणीच थांबतो" म्हटलं असतं तर त्याचा नकार विनाकारण ठरला असता. दिलेल्या शब्दावर तोवर अशी काही माणसं उभी राहिलेली असतात, आणि आपल्याला ती दिसत नाहीत.

म्हणून मी त्यांना म्हणालो, "तुम्ही हे मनापासून देताय हे मला कळतं. पण मी त्यांना शब्द दिलाय आणि त्यांनी त्यावर पास काढलाय. तो मी मोडणार नाही."

इथे एक कबुली दिली पाहिजे. सही करण्याआधी त्यांनी मला हेच सांगितलं असतं तर मी थांबलो असतो. आनंदाने थांबलो असतो. म्हणजे दोष त्यांचा जेवढा होता तेवढाच माझाही. मी दोनदा "सुचवलं" होतं. मी कधीही त्यांच्यासमोर बसून "हे बदललं नाही तर मी दुसरीकडे बघेन" असं स्पष्ट म्हटलं नव्हतं. काउंटर ऑफरला नाही म्हणण्याची वेळ ज्याला यायला नको असेल, त्याने ते बोलणं राजीनाम्याच्या सहा महिने आधी करायचं असतं. आपण ते करत नाही, कारण पासवर असलेला माणूस तोंड उघडायला घाबरतो. ही भीती मला समजते. तिचा परिणाम मात्र असा होतो, की आपलं पहिलं खरं वाक्य मालकाच्या कानावर पडतं तेव्हा आपण निघालेले असतो.

बाबासाहेबांचा एक राजीनामा या संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवतो, तो २७ सप्टेंबर १९५१ चा, केंद्रीय मंत्रिमंडळाचा. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये त्यांनी जे निवेदन प्रसिद्ध केलं ते आपल्या लोकांनी हिंदू कोड बिलासाठी वाचलं आहे. मी ते या वेळी राजीनामा देणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचलं. त्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, राजीनाम्याचा विचार त्यांच्या मनात आधीपासून होता, पण हिंदू कोड बिल मार्गी लागेल या आशेवर ते थांबले होते. ते बिल काही कलमांच्या पुढे सरकलं नाही. दुसरी, त्यांना तातडीने मोकळं व्हायचं होतं, पण अधिवेशन संपेपर्यंत काम चालवण्याची पंतप्रधानांनी विनंती केली आणि ती त्यांनी संकेत म्हणून मान्य केली. तारीख दिली, निर्णय दिला नाही. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. पंतप्रधानांच्या पत्रात त्यांच्या आजारपणाचा उल्लेख होता. प्रकृती तेव्हा खरंच ढासळली होती. "तब्येतीमुळे सोडलं" असं म्हणू दिलं असतं तर कोणालाच वाईट वाटलं नसतं आणि सगळं गोड झालं असतं. बाबासाहेबांनी ते सोपं कारण स्पष्टपणे नाकारलं. आजारामुळे कर्तव्य सोडणाऱ्यांतला मी नाही, असं सांगून खरी कारणं एकेक करून मांडली. माझं भाडं खरं होतं आणि त्यांचा आजारही खरा होता. फरक एवढाच की त्यांनी खऱ्या गोष्टीलाही खोट्या कारणाच्या जागी बसू दिलं नाही.

अर्थात तो देशाच्या मंत्र्याचा राजीनामा होता, त्यात जनतेला उत्तर द्यायचं होतं, म्हणून त्यांनी तो जाहीर केला. आपल्या नोकरीची कारणं लिंक्डइनवर मांडायची गरज नसते. ज्याने विचारलं त्याला, बंद दाराआड, एकदा नीट सांगितली की पुरे.

तारखेचा धडा मात्र मी जसाच्या तसा घेतला. गुरुवारच्या त्या बोलण्यानंतर मॅनेजरनी विचारलं, मे महिन्याच्या मध्यावर ग्राहकाची नवी आवृत्ती सुरू होतेय, तेवढं तरी थांबशील का? मी त्याच दिवशी नव्या कंपनीला लिहिलं, कारण सांगितलं, आणि रुजू होण्याची तारीख दोन आठवडे पुढे मागून घेतली. त्यांनी दिली. शेवटचा दिवस २ मे ऐवजी १६ मे झाला आणि तसं दोन्हीकडून लेखी झालं. लेखी करून घेणं महत्त्वाचं, नाहीतर दोन आठवड्यांचे चार आणि चाराचे आठ होतात.

त्याच संध्याकाळी मी काउंटर ऑफर नाकारण्याची ईमेल पाठवली. ती पाच ओळींची होती. त्यात मी लिहिलं, की तुमच्या प्रस्तावाबद्दल आणि विशेषतः २०२० मध्ये तुम्ही माझ्यासाठी जे केलं त्याबद्दल मनापासून आभार; मी पूर्ण विचार करून ३ मार्चचा राजीनामा कायम ठेवत आहे; आपल्या बोलण्याप्रमाणे शेवटचा दिवस १६ मे राहील; तोवर कामाची माहिती लिहून हस्तांतरित करीन. तिच्यात कारण लिहिलं नाही, कारण ते सांगून झालं होतं. "दुर्दैवाने", "सध्या तरी", "कदाचित पुढे" असले शब्दही काढून टाकले. पहिल्या मसुद्यात "सध्या तरी शक्य नाही" असं होतं. पत्नीने ते वाचून विचारलं, "म्हणजे पुढच्या आठवड्यात शक्य आहे?" तेही खोडलं. असे शब्द आपण नम्रता म्हणून घालतो, वाचणाऱ्याला ते उघडं दार दिसतं.

तरी पुढच्या आठवड्यात वरच्या साहेबांचा फोन आलाच. ते आधी गोड बोलले, मग ग्राहकाला काय सांगायचं म्हणाले, मग "आम्ही तुझा पास काढला होता" यावर आले. बोलणं तुमच्या गरजेवरून त्यांच्या अडचणीवर आणि तिथून तुमच्या ऋणावर सरकलं, की समजावं आता नवं काही येणार नाही. मी प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हटलं, "आभारी आहे, पण निर्णय झालाय. १६ मेपर्यंत काम पूर्ण करीन." नवीन कारण दिलं नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस घाबरून नवं कारण देतो, आणि त्या नव्या कारणावर नवी वाटाघाट सुरू होते.

पासची भीती मनात असेल तर कायदा माहीत असावा. एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्ट १ एप्रिल २०१९ पासून मॅनेजर-एक्झिक्युटिव्ह मंडळींनाही लागू आहे, आणि नोटीस देऊन राजीनामा देणाऱ्याला मालक नाही म्हणू शकत नाही. तो स्वीकारला गेला नाही असं होत नसतं. दुसरी एक गोष्ट अनेकांना घाबरवते. परदेशी माणूस नोकरी सोडतो तेव्हा कंपनीला किमान महिनाभर आधी कर विभागाकडे आयआर-२१ हा फॉर्म भरावा लागतो, आणि राजीनामा कळल्यापासून देणं असलेली रक्कम करमंजुरी येईपर्यंत किंवा फॉर्म पोहोचल्यापासून ३० दिवसांपर्यंत रोखून ठेवावी लागते. नोकरी बदलून इथेच राहणार असलो तरी हे होतंच. आपल्या एका बंधूंनी याच कारणावरून "मी नाही म्हटलं म्हणून पगार अडवला" असा समज करून एचआरशी भांडण केलं होतं. ती शिक्षा नसते. फॉर्म कधी भरला एवढं शांतपणे विचारायचं आणि महिना-दोन महिन्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवायचा.

राहिलेले दहा आठवडे मी इमानाने काम केलं. रात्रीचे फोनही घेतले. १४ एप्रिललाही एक आला, जयंतीच्या कार्यक्रमात, आणि मी बाहेर जाऊन उभ्याने तो सोडवला. सपोर्टचं सगळं ज्ञान माझ्या डोक्यात होतं, ते ऐंशी पानांत लिहून काढलं. माझ्या जागी आलेल्या मुलाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुला दुसरं काम हवं असेल तर सुचवू नकोस, माग. कंपनीबद्दल वाईट बोललो नाही. खरं सांगायचं तर एकदा बोललो, हॉकर सेंटरमध्ये दोन मित्रांपाशी, आणि घरी येताना लाज वाटली.

बाबांना मी पुन्हा फोन केला तेव्हा त्यांचं मत बदललेलं नव्हतं. अजूनही बदललेलं नाही. फक्त त्यांनी विचारलं, "बाईंना खरं सांगितलंस ना?" मी हो म्हणालो. "मग ठीक आहे," म्हणाले आणि मुलीला फोन द्यायला सांगितला.

१६ मेला शुक्रवार होता. मॅनेजरनी खालच्या दुकानातून दोन कोपी आणल्या, माझी कमी साखरेची, सहा वर्षांत त्यांना ते पाठ झालं होतं. त्या फार बोलल्या नाहीत. लॅपटॉप आणि ओळखपत्र घेतलं, पावतीवर सही केली आणि म्हणाल्या, त्या मुलाने काल माझ्याकडे येऊन टीम बदलून मागितली. तू शिकवलंस का?

मी हो म्हणालो.